रिकामा रकाना आणि चाळीस बेअरिंगं

भांडारातल्या काकांनी माझ्या शीटवर फक्त एक नजर टाकली आणि बोट ठेवलं. "ताई, ह्या बेअरिंगची आवक कुठून आली? त्या महिन्यात मी चाळीस दिली होती, घेतली नव्हती."

त्यांचं बोट होतं 004512 या कोडच्या ओळीवर. तपशील 'बेअरिंग 6204', आवक 40, जावक रिकामी, शिल्लक 165. मी पीडीएफ उघडून पाहिली. तिथे 40 जावकच्या रकान्यात होते. माझ्या शीटमध्ये ते एक घर डावीकडे सरकले होते. मग मी पुढच्या ओळी तपासल्या, तर जावकच्या जवळजवळ सगळ्या नोंदी आवकमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि शिल्लक जावकमध्ये. काकांनी पाहिलेली ओळ मी हाताने थोडी सारखी केली होती, म्हणून तिथे शिल्लक जागेवर दिसत होती. बाकीची शीट दिसायला नीटनेटकी होती आणि आतून पूर्ण चुकलेली होती.

काम साधं होतं. साठ्याची नोंद ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर बंद झालं होतं आणि त्याच्याकडून आमच्या हातात उरला होता तो 14 पानांचा एक पीडीएफ अहवाल. सात रकाने होते: तारीख, पावती क्रमांक, कोड, तपशील, आवक, जावक, शिल्लक. एकूण 38 वस्तू. प्रत्येक वस्तूच्या सुरुवातीला 'मागील शिल्लक' अशी एक ओळ, मग तिच्या नोंदी, मग पुढची वस्तू. हे सगळं मला स्प्रेडशीटमध्ये हवं होतं. मी पानावरचा मजकूर निवडून कॉपी-पेस्ट केला होता आणि मोकळ्या जागांवरून रकाने पाडले होते.

चूक कुठे झाली हे कळायला पीडीएफच्या आत डोकवावं लागलं. पॉपलर नावाच्या मोफत साधनसंचात `pdftotext` ही आज्ञा असते. तिला `-bbox` असं सांगितलं की ती प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठे आहे ते लिहून देते. मी तिसऱ्या पानासाठी ती चालवली.

```
pdftotext -bbox -f 3 -l 3 satha.pdf p3.html
```

बेअरिंगच्या त्या ओळीच्या शेवटी हे दोनच शब्द निघाले:

```
<word xMin="421.992000" yMin="213.400000" xMax="432.000000" yMax="222.400000">40</word>
<word xMin="484.988000" yMin="213.400000" xMax="500.000000" yMax="222.400000">165</word>
```

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट इथे दिसली. पीडीएफमध्ये तक्ता नसतो. 'हा आकडा जावकच्या रकान्यातला' असं त्या फाइलमध्ये सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. 40 हा आकडा पानाच्या डाव्या कडेपासून 422 ते 432 पॉइंटांच्या दरम्यान छापा, एवढीच सूचना असते. (72 पॉइंट म्हणजे एक इंच. ए-फोर पान सुमारे 595 पॉइंट रुंद असतं.) तक्त्याच्या रेघा असल्या तरी त्या वेगळ्या काढलेल्या असतात, आकड्यांशी त्यांचा काही संबंध नसतो. आमच्या अहवालात तर उभ्या रेघाही नव्हत्या. काही पीडीएफमध्ये रचनेच्या खुणा घातलेल्या असतात आणि त्यात तक्ता ओळखता येतो, पण आमची फाइल तशी नव्हती.

आणि रिकामं घर? रिकाम्या घरात छापायला काही नसतं, म्हणून फाइलमध्ये त्याची काहीच खूण नसते. आवकचं घर रिकामं असलं तर तपशिलानंतर थेट 40 येतो. कॉपी-पेस्ट करताना आपल्याला शब्दांचा क्रम मिळतो, जागा मिळत नाही. त्यामुळे चौथ्या रकान्यानंतर आलेला आकडा पाचव्यात जाणार, हे ठरलेलंच. ज्या तक्त्यात एकही घर रिकामं नाही तो कॉपी-पेस्टने चांगला उतरतो, आणि तेवढ्यावरून आपण समजतो की ही पद्धत चालते. आवक-जावक, जमा-नावे अशा तक्त्यांत मात्र प्रत्येक ओळीत एक घर रिकामं असतंच.

मग मी एक्सेलची स्वतःची सोय वापरून पाहिली. Data मध्ये Get Data, त्यात From File आणि From PDF. ती बरीच बरी निघाली, कारण ती शब्दांच्या जागा पाहते. पण तिने प्रत्येक पानाचा तक्ता वेगळा ओळखला आणि पाचव्या पानावर सातऐवजी सहाच रकाने दिले. त्या पानावर एकही आवक नव्हती. जिथे एकही आकडा नाही तिथे रकाना आहे हे तिला कळणार कसं? शीर्षकातला शब्द होता, पण तो शेजारच्या रकान्याला चिकटला. पानं एकाखाली एक जोडली तेव्हा पाचव्या पानाची जावक पुन्हा आवकखाली गेली. म्हणजे कॉपी-पेस्टमध्ये ओळीपुरती होणारी चूक इथे अख्ख्या पानाची झाली होती.

साधनाने रकान्यांचा अंदाज बांधावा, हाच मार्ग मी सोडला. रकाने कुठे संपतात ते मला पान पाहून ठाऊक होतं, तर मीच सांगावं. टॅबुला हे मोफत साधन त्यासाठी चांगलं आहे. ते दोन तऱ्हांनी काम करतं. रेघा असतील तर रेघांवरून घरं ओळखतं, रेघा नसतील तर मोकळ्या जागांवरून. दुसऱ्या तऱ्हेत रकान्यांच्या सीमा आपण आकड्यांत देऊ शकतो, आणि त्या दिल्या की पानावर आकडा असो वा नसो, रकाने सातच राहतात.

आता सीमा ठरवायच्या कशा? सुरुवातीला मी शब्दांचे xMin पाहत बसले आणि गोंधळले. जावकमधला 40 सुरू होतो 422 ला, 8 सुरू होतो 427 ला, 1,240 सुरू होतो 409 च्या आसपास. एकसारखं काहीच नाही. मग xMax पाहिलं आणि सगळं लख्ख झालं. जावकमधला प्रत्येक आकडा बरोबर 432 ला संपत होता. आवकमधला प्रत्येक 372 ला, शिल्लकेतला प्रत्येक 500 ला. आकडे उजवीकडे सारखे केलेले असतात, म्हणून त्यांची उजवी कड पक्की असते आणि डावी कड आकड्याच्या लांबीप्रमाणे हलते. मजकुराचं उलट: तारीख, पावती, कोड, तपशील यांची डावी कड पक्की. म्हणून आकड्यांच्या रकान्याची सीमा त्याच्या उजव्या कडेच्या जरा पुढे घ्यायची. मी 376 आणि 436 घेतल्या.

तपशील आणि आवक यांच्यामधली सीमा ही एकच नाजूक जागा होती. तपशील डावीकडून वाढत येतो आणि आवक उजवीकडून. आधी मी 316 ही सीमा दिली, कारण ज्या पानावर मोजलं तिथे सगळे तपशील त्याच्या आत होते. दुसऱ्या पानांवर तीन तपशील लांब निघाले आणि त्यांची शेवटची दोन-तीन अक्षरं आवकमध्ये जाऊन पडली. आवकच्या रकान्याला फिल्टर लावून आकडा नसलेली घरं शोधली, म्हणून ती लगेच सापडली. सगळ्या पानांवरचा सगळ्यात लांब तपशील 325 च्या आसपास संपत होता आणि आवकचा सगळ्यात मोठा आकडा 349 ला सुरू होत होता. मधली 335 ही जागा सुरक्षित होती. सीमा एका पानावर मोजून सगळ्या पानांना लावायच्या असतील, तर मोजणी सगळ्यात भरलेल्या पानावर करावी हे तेव्हा कळलं.

शेवटी आज्ञा अशी झाली:

```
java -jar tabula.jar -t -p 2-8,11-14 -a 96,36,800,560 -c 92,150,205,335,376,436 -o satha.csv satha.pdf
```

`-t` म्हणजे रेघांवर अवलंबून राहू नको. `-c` नंतर सहा सीमा, त्यातून सात रकाने. `-a` मध्ये पानाचा कोणता भाग घ्यायचा ते वर, डावं, खालचं, उजवं या क्रमाने येतं. पहिल्या पानावर अहवालाचं मोठं शीर्षक होतं, म्हणून तक्ता खाली सुरू होत होता. त्या पानाला वरची कड 150 देऊन वेगळं चालवलं.

नववं आणि दहावं पान मी वगळलं, कारण ती दोन पानं कुणीतरी छापून, सह्या घेऊन, परत स्कॅन करून मध्ये घातली होती. दिसायला ती इतर पानांसारखीच होती. ओळखण्याची खूण एवढीच की माउसने त्यावरचा शब्द निवडता येत नाही आणि `pdftotext` कोरं पान देतं. तिथे शब्द नसतात, फक्त चित्र असतं. चित्रावरून अक्षरं ओळखणारं साधन चालवायचं तर आधी पान सरळ करावं लागतं. आमचं स्कॅन साधारण एक अंशाने तिरकं होतं. ऐकायला ते काहीच नाही, पण 500 पॉइंट रुंदीच्या तक्त्यात एका अंशाने ओळीचं दुसरं टोक जवळजवळ 9 पॉइंट वर किंवा खाली जातं. आमच्या ओळी 14 पॉइंटांच्या अंतरावर होत्या. म्हणजे डावीकडची तारीख एका ओळीची आणि उजवीकडची शिल्लक शेजारच्या ओळीची, असं होण्याइतकं ते पुरेसं आहे.

```
ocrmypdf -l mar+eng --deskew scan.pdf scan-saral.pdf
```

एवढ्याने पान सरळ झालं आणि शब्दही ओळखले गेले. पण 1 आणि 7, 6 आणि 8 यांत अदलाबदल होत होती. दोनच पानं होती, म्हणून तिथला प्रत्येक आकडा मी मूळ पान समोर ठेवून वाचला. पन्नास पानं असती तर मी खाली सांगते त्या पडताळणीवर जास्त विसंबले असते.

सीएसव्ही तयार झाली आणि ती दोनदा क्लिक करून उघडायचा मोह झाला. तसं करू नये. उघडताच 004512 चं 4512 होतं आणि 5/11 या पावती क्रमांकाची 5 नोव्हेंबर ही तारीख होते, आणि नंतर घराचा प्रकार बदलून ते परत येत नाही. मी फाइलचं नाव `.txt` करून एक्सेलमधून उघडली. मग ते प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारतं. पावती आणि कोड यांना Text, तारखेला DMY, बाकीचे General. तारखेचा क्रम सांगितला नाही आणि संगणक महिना आधी मानत असेल, तर 12 तारखेपर्यंतचे दिवस-महिने आपसात बदलतात आणि 13 पासूनच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं, हेच झालंय.

आता ओळी. रकाने जुळले होते, पण ओळी जास्त झाल्या होत्या. लांब तपशील दोन किंवा तीन ओळींत मोडला होता, आणि टॅबुलाने प्रत्येक छापील ओळीची वेगळी ओळ केली होती. दुसऱ्या ओळीत तपशिलाचं शेपूट आणि बाकी सगळं रिकामं. ती शेपटं वरच्या ओळीला जोडायची होती.

मी आधी असं धरलं की तारीख रिकामी म्हणजे शेपूट. ते चुकलं. 'मागील शिल्लक' या ओळींना तारीख नव्हती, फक्त कोड आणि शिल्लक होती. पहिली सोडली तर त्या सगळ्या ओळी वरच्या वस्तूच्या तपशिलाला जोडल्या गेल्या. मूळ प्रत ठेवली होती म्हणून परत फिरता आलं. शेपूट ओळखायची खूण कोड रिकामा असणं ही होती, कारण खऱ्या प्रत्येक ओळीला कोड होता. H रकान्यात हे सूत्र लिहिलं:

```
=IF(C3="",TRIM(D2&" "&H3),D2)
```

खालच्या ओळीचा कोड रिकामा असेल तर तिचा तपशील इथे जोड. D3 ऐवजी H3 घेतल्यामुळे तीन ओळींचा तपशीलही आपोआप जुळतो, कारण खालच्या ओळीने तिच्याखालचं आधीच जोडून घेतलेलं असतं. मग H मधली उत्तरं मूल्यं म्हणून D मध्ये चिकटवली आणि कोड रिकामा असलेल्या ओळी काढून टाकल्या.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रत्येक पानावर पुन्हा छापलेली शीर्षकाची ओळ आधी काढायची, मगच शेपटं जोडायची. दोन ठिकाणी तपशील पानाच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या पानावर संपत होता. शीर्षक मध्ये राहिलं असतं तर शेपूट 'तपशील' या शब्दाला चिकटलं असतं. शेवटच्या पानावरची 'एकूण' ही ओळही मी आधीच बाजूला काढून ठेवली, तिलाही कोड नव्हता. आणि हे सगळं आमच्या तक्त्यात आकडे घराच्या वरच्या बाजूला छापलेले होते म्हणून सोपं गेलं. आकडे घराच्या मध्यभागी असते, तर तपशिलाची एक ओळ आकड्यांच्या वर आणि एक खाली आली असती, आणि वरची ओळ कुणाची हे सूत्राला सांगणं अवघड होतं.

आता काकांना दाखवण्याआधी मला स्वतःला खात्री हवी होती. साठ्याच्या तक्त्यात तपासणी तक्त्यातच असते: मागची शिल्लक अधिक आवक उणे जावक म्हणजे आजची शिल्लक. I रकान्यात लिहिलं:

```
=IF(C3=C2,G2+E3-F3-G3,0)
```

वस्तू तीच असेल तर फरक दाखव, वस्तू बदलली असेल तर शून्य. प्रत्येक ओळ तिच्या वरच्या छापील शिल्लकेशीच ताडली जाते, म्हणून एका ओळीतली चूक खालपर्यंत पसरत नाही. जिथे चूक तिथेच, फार तर तिच्या लगेच खालच्या ओळीत, आकडा दिसतो.

हे सूत्र मी माझ्या पहिल्या, चुकलेल्या शीटमधल्या बेअरिंगच्या ओळीवरही लावून पाहिलं. मागची शिल्लक 205, आवकमध्ये 40, शिल्लक 165. उत्तर आलं 80. म्हणजे आकडा चुकीच्या बाजूला गेला की फरक त्याच्या बरोबर दुप्पट येतो. फरक त्या ओळीतल्या आकड्याच्या दुप्पट असेल तर रकाना सरकलाय. फरक वेगळाच असेल तर आकडा चुकीचा वाचला गेलाय किंवा मधली एखादी ओळ गळालीय. एवढ्यावरून मूळ पानावर काय शोधायचं ते आधीच कळतं.

नव्या शीटमध्ये दुप्पट फरक एकही आला नाही. स्कॅनच्या पानांवर मी वाचूनही सुटलेला एक आकडा सापडला, 68 च्या जागी 66. चार ओळींत `#VALUE!` आलं. त्या परत आलेल्या मालाच्या नोंदी होत्या, जावकमध्ये −12 अशा छापलेल्या. त्यातलं वजाचं चिन्ह कीबोर्डवरचं नव्हतं, छपाईतलं लांब चिन्ह होतं, म्हणून एक्सेलला तो आकडा वाटतच नव्हता. एका घरातून ते चिन्ह उचललं आणि शोधून-बदलून सगळीकडे साधं चिन्ह घातलं.

I रकान्यात सगळीकडे शून्य आलं. तरी मी 'एकूण'ची बाजूला ठेवलेली ओळ काढली आणि बेरजा ताडल्या. जावक जुळली. आवक 25 ने कमी.

थोडा वेळ मला कळेना. प्रत्येक ओळ जुळते आणि बेरीज जुळत नाही, हे कसं? मग त्या सूत्राची मर्यादा लक्षात आली. एखाद्या वस्तूची अगदी शेवटची ओळ गळाली, तर तिच्यानंतर नवी वस्तू सुरू होते आणि सूत्र तिथे तपासतच नाही. म्हणजे गळालेली ओळ कुठल्यातरी वस्तूची शेवटची होती. आणि ओळी गळतात त्या पानाच्या कडेला. स्कॅनची दोन सोडून बाकी बाराही पानांच्या शेवटच्या ओळी मी पीडीएफशी लावत गेले. अकराव्या पानाच्या तळाशी, 804 पॉइंटांवर, एक ओळ होती: आवक 25. मी खालची कड 800 दिली होती.

खालची कड 820 करून सगळी पानं पुन्हा चालवली. आता पान क्रमांकही तक्त्यात आले, पण ते काढणं सोपं होतं. तेही शेपटं जोडण्याआधीच काढले. एकूण 537 ओळी झाल्या, दोन्ही बेरजा जुळल्या. काकांनी सगळ्यात आधी 004512 शोधलं, जावकमधल्या 40 वर बोट ठेवलं आणि मग पुढचा कोड पाहायला लागले.